निवृत्तीनंतरचा दिवस कसा बांधावा: तासांचं कोष्टक न करता

निवृत्तीनंतर पहिले काही महिने आरामात जातात आणि मग एके दिवशी माणूस कागद-पेन घेऊन बसतो. सहा ते सात व्यायाम, सात ते आठ वाचन, नऊ ते अकरा छंद, असं रात्री दहापर्यंतचं कोष्टक तयार होतं. पहिला आठवडा जोमात जातो. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी भेटायला येतं, एक दिवस गुडघा दुखतो, एक दिवस उठायलाच उशीर होतो. तिसऱ्या आठवड्यात कोष्टक भिंतीवर असतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग माणूस ठरवतो की आता आपल्यात शिस्त उरलेली नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. कार्यालयातलं वेळापत्रक केवळ तुमच्या शिस्तीवर टिकलेलं नव्हतं. दहाच्या बैठकीला आणखी चार माणसं येऊन बसलेली असायची, आणि तुम्ही गेला नाहीत तर त्यांचं काम अडायचं. घरच्या कोष्टकातल्या नऊच्या रकान्यात तुमची वाट पाहणारं कुणीच नसतं. शिवाय प्रत्येक काम घड्याळाला बांधलेलं असल्यामुळे एक रकाना चुकला की पुढचे सगळे चुकतात, आणि दुपारी बारा वाजताच दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. काहीच ठरवायचं नाही, सुचेल ते करायचं. यात दिवसभर काही ना काही चालू असतं, पण संध्याकाळी काय केलं ते आठवत नाही.

या दोन्हींच्या मधली एक पद्धत आहे. दिवसात अगदी थोड्या वेळा पक्क्या करायच्या, बाकीच्या कामांचा फक्त क्रम ठरवायचा, आणि रोज एकाच मुख्य कामाचा मोजका वाटा उचलायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन्ही टोकांच्या खुंट्या घट्ट लागतात, मधली दोरी थोडी सैल असली तरी चालते. म्हणून पक्क्या वेळांना या लेखात मी खुंट्या म्हणणार आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बरेच जण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, आणि तिथेच घसरतात.

## तयारी: सात दिवसांची नोंद

खिशात मावेल अशी एक वही घ्या. सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. दिवसातून चार वेळा, म्हणजे न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी आणि झोपताना, मागच्या काही तासांत काय केलं ते दोन-तीन ओळींत लिहा. प्रत्येक कामापुढे शून्य ते पाच असे दोन आकडे टाका. पहिला आकडा 'काही हाती लागलं का' याचा, दुसरा 'करताना बरं वाटलं का' याचा.

हे दोन आकडे वेगवेगळे ठेवण्याला कारण आहे. उदासीवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञही रोजच्या कामांची अशीच दुहेरी नोंद करायला सांगतात, कारण या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. कपाट आवरताना कंटाळा येतो, पण काही तरी झाल्याचं समाधान मिळतं. मित्राशी तासभर गप्पा मारल्या तर हाती काही लागत नाही, पण जीव हलका होतो. दिवसात दोन्ही प्रकार हवेत. आणि काही गोष्टींना दोन्ही रकान्यांत शून्य किंवा एक मिळतो. आपण रोज किती वेळ अशा गोष्टींना देतो, हे वहीत पाहिल्याशिवाय बहुतेकांना खरं वाटत नाही.

इशारा: रात्री एकदाच बसून आठवून लिहू नका. मोकळा वेळ फार झाला की दिवसाची आठवणच विरळ होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडल्यावर संशोधकांनी तिथल्या बेकार कामगारांना दिवसाच्या नोंदी भरायला दिल्या होत्या. हाताशी अख्खा दिवस असूनही अनेकांना दोन-चार गोष्टींपलीकडे सांगता आलं नाही. तुमचंही तसं होईल, म्हणून लगेच लिहा.

सातव्या दिवशी वही उघडून तीन गोष्टी शोधा. तुम्ही खरोखर किती वाजता उठता, ठरवून नव्हे तर आपोआप. डोकं सगळ्यात ताजं कुठल्या दोन तासांत असतं. आणि दिवसातले कुठले तास आधीच घरातल्या इतरांचे आहेत.

तपासणी: या तीन प्रश्नांची उत्तरं वहीकडे बोट दाखवून देता येत नसतील, तर आणखी तीन दिवस नोंद ठेवा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

## टप्पा १: चार खुंट्या ठोका

सामाजिक लय मोजण्यासाठी मानसोपचारात एक छोटी नोंद वापरतात. तिच्यात फक्त पाच गोष्टींच्या वेळा लिहितात: अंथरुणातून उठणं, दिवसात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाशी संपर्क येणं, कामाला लागणं, रात्रीचं जेवण आणि झोपायला जाणं. दिवस सुसूत्र आहे की विस्कटलेला, हे एवढ्यावरून कळतं. आपल्याला चार पुरेत: उठणं, पहिला संपर्क, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण.

या चारांत उठण्याची खुंटी सगळ्यात महत्त्वाची. शरीरातलं घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं, आणि सकाळचा उजेड ते रोज जागेवर आणतो. म्हणून उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीसुद्धा अर्ध्या तासाच्या आतबाहेर ठेवायची, आणि उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं बाहेरच्या उजेडात घालवायची. वेळ मात्र नोंदवहीतून घ्या. वहीत सव्वासहा दिसत असतील तर खुंटी सव्वासहाची. 'आता पहाटे पाचला उठणार' असल्या संकल्पाची ही जागा नाही.

झोपायला जाण्याची वेळ मी मुद्दाम खुंट्यांत घेतलेली नाही. वय वाढतं तशी झोप लवकर येऊ लागते आणि जागही लवकर येते. झोप आलेली नसताना घड्याळ बघून अंथरुणावर पडलं की माणूस तळमळत राहतो, आणि तीच सवय होते. उठणं पक्कं केलं की एक-दोन आठवड्यांत रात्रीची झोप बहुधा आपणच जागा धरते. दुपारची डुलकी हवी असेल तर ती तीनच्या आधी आणि वीस-तीस मिनिटांची असावी. गजर लावून झोपा. दीड तासाची दुपारची झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते, आणि मग सकाळची खुंटी हलते.

पहिल्या संपर्काला लोक किरकोळ समजतात. घरात माणसं असतील तर तो आपोआप होतो, पण एकट्या राहणाऱ्यांच्या बाबतीत दुपारपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसतो. सकाळी फिरताना भेटणारा सोबती किंवा ठरलेल्या वेळी बहिणीला केलेला फोन, यातलं काहीही चालेल. फोनवरचे शुभप्रभातचे संदेश मात्र मी यात धरत नाही. समोरच्याचा आवाज ऐकू यायला हवा.

इशारा: औषधांच्या वेळा खुंट्यांना जोडणं सोयीचं असतं, पण दोन मात्रांमधलं अंतर किंवा जेवणाआधी-जेवणानंतरचा नियम स्वतःच्या सोयीने बदलू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

तपासणी: आठवड्यातले किमान पाच दिवस चारही खुंट्या अर्ध्या तासाच्या आत आहेत का? असतील तरच पुढे जा. पाचवी खुंटी ठोकायचा मोह आवरा. ती ठोकली की जुनं कोष्टक परत आलंच म्हणून समजा.

## टप्पा २: खुंट्यांच्या मध्ये क्रम लावा

आता सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन सैल भाग आपोआप पडतात. प्रत्येक भागातल्या कामांना वेळ द्यायची नाही, 'कशानंतर काय' एवढंच ठरवायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी हे पुष्कळ तपासून दाखवलं आहे: 'मी व्यायाम करीन' यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलेलं काम जास्त वेळा पार पडतं. कारण सुरुवात कधी करायची, हे त्या क्षणी ठरवावं लागत नाही.

या जोडणीतली मेख 'अमुक झालं की' या भागात आहे. ती घटना नेमकी कधी संपली, हे कळलं पाहिजे. 'बातम्या बघून झाल्यावर कामाला बसेन' ही जोडणी टिकत नाही, कारण बातम्या संपतच नाहीत. 'जरा निवांत झालो की' हेही तसंच. 'अंघोळ झाली की', 'मागची भांडी पुसून ठेवली की', 'नातवाला शाळेत सोडून दार उघडलं की' या जोडण्या टिकतात, कारण त्या घटनेला शेवट आहे आणि ती रोज घडते. एखाद्या दिवशी अंघोळ तासभर उशिरा झाली, तरी क्रम मोडत नाही. सगळाच भाग तासभर पुढे सरकतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

सुरुवातीला फक्त तीन जोडण्या करा, प्रत्येक भागात एक. सकाळची जोडणी मुख्य कामाची असू द्या, दुपारची किरकोळ कामांची आणि संध्याकाळची हालचालीची किंवा माणसांची. त्या रुळल्या की चौथी.

रुळायला किती दिवस लागतात? लंडनमधल्या एका अभ्यासात एक साधी कृती आपोआप होऊ लागण्याचा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे '२१ दिवसांत सवय लागते' हे सरसकट खरं नाही, आणि महिनाभरात जमलं नाही म्हणून सोडून देण्याचंही कारण नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं नुकसान होत नाही.

तपासणी: तिन्ही जोडण्या घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सांगा. सांगताना 'साधारण', 'जमेल तसं' किंवा 'सावकाश' हे शब्द आले, तर त्या जोडणीतली घटना बदला.

## टप्पा ३: एक मुख्य काम, मोजलेला वाटा

दिवस भरलेला असूनही पोकळ का वाटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा या टप्प्यात सापडतं. बिलं भरणं, दुरुस्ती करून घेणं, फोन करणं ही कामं आवश्यक आहेत, पण ती संपली की फक्त उरकल्यासारखं वाटतं. दिवसाला एक काम असं लागतं, जे काल जिथे होतं त्याच्या पुढे आज गेलं.

ते निवडताना तीन कसोट्या लावा. पहिली, त्या कामाची कुणीतरी वाट पाहत आहे का? एकच माणूस असला तरी चालेल, पण तो खराखुरा हवा. दुसरी, त्याला शेवट आहे का? 'इंग्रजी सुधारायचं' याला शेवट नाही, 'भाचीच्या तीन पत्रांना इंग्रजीत उत्तरं लिहायची' याला आहे. तिसरी, आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे दहा दिवस खंड पडला, तर ते जिथे सोडलं तिथून उचलता येईल का? पहिल्या कसोटीला मी सगळ्यात जास्त वजन देतो. कार्यालय सुटल्यावर तीच गोष्ट हातातून गेलेली असते, आणि ती स्वतःच्या इच्छाशक्तीने भरून काढणं फार अवघड जातं.

काम ठरलं की त्याचा रोजचा वाटा पाडा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वाटा तासांत मोजणं. 'रोज दोन तास' म्हटलं की कार्यालय परत आलं. माणूस घड्याळाकडे बघत बसून राहतो, आणि काम लवकर झालं तरी उठायला धजत नाही. वाटा कामात मोजा: दोन पानं, एक आकृती, एका मुलाचा एक धडा. वाटा झाला की थांबा, मग चाळीस मिनिटं लागलेली असोत की नव्वद. पहिले दोन आठवडे वाटा मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे तुम्हाला सहज वाटतो त्याच्या साधारण निम्मा. उत्साहाच्या दिवशी तिप्पट काम करून दुसऱ्या दिवशी थकून बसणं, हा या टप्प्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

प्रत्येक कामाचा एक छोटा वाटाही आधीच ठरवून ठेवा. अंग दुखतंय, झोप झालेली नाही, घरात पाहुणे आहेत अशा दिवसांसाठी. तो दहा मिनिटांत झाला पाहिजे, आणि त्याने मोठ्या वाट्याची तयारी झाली पाहिजे.

थांबताना एक ओळ लिहून उठा: उद्या पहिली कृती कोणती. 'पुढचं प्रकरण' असं लिहू नका, 'पान ४३, दुसरा परिच्छेद, तारीख तपासणे' असं लिहा. आणि सामान मांडूनच ठेवा. ज्या कामासाठी रोज कपाटाच्या वरच्या खणातून पेटी काढावी लागते, ते काम दोन आठवड्यांत बंद पडतं.

इशारा: 'आधी ही चार किरकोळ कामं उरकतो, मग निवांत बसतो' हे वाक्य मनात आलं की सावध व्हा. किरकोळ कामं मोकळ्या वेळेच्या मापाने फुगतात. ती वहीत लिहून दुपारच्या भागात ढकला आणि ताजे दोन तास मुख्य कामालाच द्या.

## टप्पा ४: घरच्यांशी बोलून घ्या

हा टप्पा वगळला की बाकीचं सगळं महिनाभरात ढासळतं. निवृत्त माणसाचा वेळ घरातल्यांना सगळ्यांच्या मालकीचा वाटतो. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. कुणी त्यांना वेगळं सांगितलेलंच नसतं.

'मला त्रास देऊ नका' असं म्हणू नका. ते लागतं, आणि मोघमही आहे. नकाराबरोबर होकाराची वेळ द्या. "अहो, तेवढं बँकेचं काम करून येता का? तुम्हाला काय, वेळच वेळ आहे," याला "जातो की, पण साडेअकरानंतर. तोवर माझं काम चालू असतं," हे उत्तर पुरतं. चार-पाच वेळा न चिडता तेच ऐकवलं की घर आपणहून साडेअकराची वाट बघू लागतं. नातवंडांची जबाबदारी घेत असाल तर तिचेही दिवस ठरवून घ्या. 'लागेल तेव्हा' असं कबूल केलं की सगळेच दिवस लागतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. तुम्ही कामावर जात होता तेव्हा घरात राहणाऱ्या जोडीदाराने स्वतःचा दिवस बसवलेला असतो. त्यात अचानक चोवीस तास हजेरी लावायची, वर स्वयंपाकघरात सुधारणा सुचवायच्या, हे अन्यायाचं आहे. तुमच्या खुंट्या ठोकण्याआधी त्यांच्या खुंट्या कुठे आहेत ते विचारा. दोघांनी मिळून करायची एक गोष्ट ठरवा, आणि उरलेल्या वेळात दोघांनी आपापली कामं करावीत.

## एक उदाहरण, सुरुवातीपासून

एकसष्ट वर्षांच्या एका निवृत्त लेखापाल बाईंचा दिवस घेऊ. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. नोंदवहीत दिसलं की त्या पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान आपोआप उठतात. साडेसात ते नऊ घरात धावपळ असते. नऊ ते अकरा घर शांत आणि डोकंही ताजं. दोन वाजता डोळे मिटू लागतात. आकड्यांमध्ये दुपारच्या टीव्हीला शून्य आणि दोन मिळाले होते, तर नातवाला गोष्ट वाचून दाखवण्याला चार आणि पाच. सात दिवसांत एवढे आकडे दुसऱ्या कशालाच मिळाले नव्हते.

त्यावरून मुख्य काम ठरलं: दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचं. एका स्वयंसेवी गटाला पुस्तक हवं होतं, म्हणजे वाट पाहणारं कुणीतरी होतं. पुस्तक १८० पानांचं, म्हणजे शेवट ठरलेला. आणि खंड पडला तरी पुढच्या पानापासून सुरू करता येणार होतं.

पहिला वाटा चुकला. त्यांनी 'रोज दोन तास' ठरवलं. चाळीस-पन्नास मिनिटांनी आवाज थकायचा, शब्द अडखळायचे, आणि शेवटची पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागायची. मग हिशेब केला. पानावर साधारण ३०० शब्द, मिनिटाला १२० शब्दांच्या शांत गतीने एका पानाला अडीच मिनिटं. सहा पानांचं ध्वनिमुद्रण पंधरा मिनिटांचं होतं, पण आधी एकदा वाचून बघणं, चुकलेली वाक्यं पुन्हा म्हणणं आणि शेवटी ऐकून तपासणं धरून जवळजवळ तास जातो. म्हणून वाटा सहा पानांचा ठरला. १८० पानांचे तीस वाटे झाले. आठवड्यातून चार दिवस धरले तर साडेसात आठवडे लागतात. गटाला मात्र त्यांनी तीन महिन्यांची मुदत सांगितली, म्हणजे आजारपण आणि सणवार त्यात सामावले.

जोडणी अशी: 'नातू शाळेत गेला आणि दार लागलं की पंखा बंद करून माइक सुरू करायचा.' घसा बसलेला असेल त्या दिवसाचा छोटा वाटा: पुढची सहा पानं मनात वाचून अवघड नावांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. या छोट्या वाट्याने दुसऱ्या दिवशीच्या चुका निम्म्याने कमी होतात, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि नंतर त्यांनी तो रोजच आदल्या संध्याकाळच्या भागात घेतला.

अडचण आली ती दहाच्या सुमाराला येणाऱ्या फोनांची. सुनेला त्यांनी सांगितलं, "अगं, मी अकरापर्यंत फोन बंद ठेवते. तातडीचं असेल तर शेजारच्या काकूंकडे निरोप दे." पहिल्या आठवड्यात दोनदा निरोप आला, दोन्ही वेळा काम तातडीचं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यापासून निरोप यायचे थांबले.

## टप्पा ५: आठवड्याला आकार द्या

सगळे दिवस सारखे झाले की आठवड्याची जाणीव पुसली जाते, आणि मग मुख्य कामाचाही कंटाळा येतो. म्हणून मुख्य काम आठवड्यातून चार दिवसच ठेवा. एक दिवस बाहेरच्या कामांचा, एक दिवस माणसांना भेटण्याचा आणि एक दिवस पूर्ण मोकळा. मोकळ्या दिवशी खुंट्या तेवढ्या पाळायच्या, बाकी काही नाही.

हालचालीचा हिशेबही आठवड्याचाच ठेवा, रोजचा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही इतपत. हृदयविकार, चक्कर किंवा सांध्यांचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तोलाचे व्यायाम लोक हटकून विसरतात, म्हणून ते संध्याकाळच्या जोडणीत बसवा.

आठवड्यातून एकदा, मोकळ्या दिवसाच्या संध्याकाळी, दहा मिनिटं वही उघडा. चार खुंट्यांपैकी कुठली हलली? मुख्य कामाचे किती वाटे झाले? दोन्ही आकड्यांत सारखे शून्य मिळवणारी गोष्ट कुठली? एका वेळी एकच दुरुस्ती करा. सलग दोन आठवडे चारपैकी दोनच वाटे होत असतील तर वाटा मोठा आहे, तो निम्मा करा. वाटे होतात पण समाधानाचा आकडा दोनच्या वर जात नसेल, तर वाटा ठीक आहे आणि काम चुकीचं निवडलं आहे. अशा वेळी कसोट्यांपासून पुन्हा सुरू करा.

इशारा: दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर तो दिनक्रमाचा दोष समजून नवा दिनक्रम आखत बसू नका. डॉक्टरांना भेटा. जगणं नको वाटू लागलं असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

## घडी विस्कटल्यावर

प्रवास, आजारपण, घरातलं कार्य यांमुळे घडी मोडणारच. परतल्यावर सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन-तीन दिवस फक्त उठण्याची खुंटी आणि सकाळचा उजेड. मग जेवणाच्या वेळा. चौथ्या-पाचव्या दिवशी मुख्य कामाचा छोटा वाटा, आणि तो सलग दोनदा झाला की पूर्ण वाटा. राहून गेलेले वाटे भरून काढायचे नाहीत. त्याऐवजी ज्याची मुदत चुकणार आहे त्याला फोन करून नवी तारीख सांगा, आणि हा फोन कामाला हात लावण्याआधी करा. तो टाळला की माणूस त्या कामाकडेच फिरकेनासा होतो.